पुस्तकविक्रेत्याचे ईमेल-वार्तापत्र आणि देवनागरी मजकूर

पुस्तकविक्रेते आपल्या ग्राहकांस दरमहा नव्या पुस्तकांची वार्ता ईमेलने कळवू लागले, त्यास आता बराच काळ लोटला आहे. हे पत्र आज बहुधा मोबाइल फोनवर वाचले जाते. त्याचा साचा मात्र प्रायः रोमन लिपीतील मजकूर डोळ्यांसमोर ठेवून सिद्ध झालेला असतो आणि विक्रेता त्यात मराठी मजकूर भरून मोकळा होतो. चित्रे, ओळीची रुंदी, बटणाचा आकार आणि पत्र उघडण्याचा वेग या चारही बाबतींत देवनागरीची मापे वेगळी पडतात. ती कशी व किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वजनाचा प्रश्न घेऊ. युनिकोडच्या यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला 1 बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला 3. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते संगणकाच्या दृष्टीने पुष्कळदा अनेक चिन्हांचे बनलेले असते. ‘पुस्तक’ हा शब्द कानाला त्र्यक्षरी आहे. साठवताना तो प, उकार, स, हलन्त, त आणि क अशा 6 चिन्हांचा, म्हणजे 18 बाइटांचा होतो. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. काही जुनी पत्रलेखन-साधने मराठी मजकूर जसाच्या तसा न ठेवता प्रत्येक चिन्हाचे अंकांत रूपांतर करतात. ‘म’च्या जागी `&#2350;` असे लिहिले जाते. पडद्यावर ‘म’च दिसतो, परंतु 3 बाइटांचे 7 झालेले असतात आणि ‘पुस्तक’ 42 बाइटांवर जाते.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एखादा विक्रेता एका पत्रात 12 पुस्तकांचा परिचय देतो असे समजू. प्रत्येक परिचयात सुमारे 600 चिन्हे व 100 रिकाम्या जागा आहेत, आणि प्रत्येक पुस्तकाच्या चौकटीसाठी साचा आपली 4,500 बाइटांची रचना-संहिता जोडतो. चौकटींचे 54,000 बाइट, रिकाम्या जागांचे 1,200 आणि मजकुराचे 21,600 मिळून पत्र 76,800 बाइटांचे होते. हाच मजकूर अंकरूपात गेला तर त्याचे 50,400 बाइट होतात आणि बेरीज 1,05,600 वर पोचते. जीमेल मात्र सुमारे 102 किलोबाइटांपलीकडची, म्हणजे 1,04,000 बाइटांच्या आसपासची संहिता कापून टाकते व ‘संपूर्ण संदेश पाहा’ अशा अर्थाचा एक बारीक दुवा खाली ठेवते. कापला जातो तो शेवटचा भाग. दुकानाचा पत्ता, दूरध्वनी आणि पत्र नको असल्यास नाव कमी करण्याचा दुवा, हे सर्व नेमके तेथेच असते. विक्रेत्याने स्वतःच्या संगणकावर साचा पाहिला तर त्याला यातले काहीच आढळत नाही, कारण कापणी वाचकाच्या पेटीत होते. म्हणून पाठवण्यापूर्वी संहितेची फाइल जतन करून तिचा आकार पाहावा आणि ती उघडून तीत मराठी शब्द दिसतात की अंक, हे तपासावे. खरे पाहता 12 पुस्तके हीच एका पत्रासाठी अति आहेत, 5 पुरेत.

चित्रांचे वजन या मर्यादेत मोजले जात नाही, कारण ती संहितेत नसून दुव्याने मागाहून येतात. वेग मात्र त्यांच्यावरच अवलंबून असतो. फोनने काढलेले मुखपृष्ठाचे छायाचित्र तसेच जोडले तर ते एकटेच काही मेगाबाइटांचे असते. पडद्यावर मुखपृष्ठ 160 पिक्सेल रुंद दिसावयाचे असेल, तर दाट पडद्यांसाठी दुप्पट, म्हणजे 320 पिक्सेल रुंदीची जेपेग प्रत पुरते. तिचे वजन 30-40 किलोबाइटांत बसवता येते. चित्राची रुंदी व उंची संहितेत नोंदवून ठेवावी, म्हणजे चित्र येईपर्यंत त्याची जागा राखली जाते आणि वाचत असलेली ओळ एकाएकी खाली सरकत नाही. चित्र न आल्यास दिसणाऱ्या पर्यायी मजकुरात पुस्तकाचे व लेखकाचे नाव मराठीत द्यावे. मनाजोगता टंक मिळावा म्हणून सबंध परिचयच चित्ररूपाने पाठवण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती त्याज्य समजावी: असा मजकूर शोधात सापडत नाही, मोठा करून वाचता येत नाही, आणि चित्रे बंद असली की पत्र कोरेच राहते.

आता रुंदी. सामान्य फोनचा पडदा रचनेच्या हिशेबात सुमारे 360 पिक्सेल रुंद असतो. दोन्ही बाजूंस 20 पिक्सेल समास सोडला की 320 उरतात. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार, ऋकार खाली जातात. त्यामुळे त्याच मापाच्या टंकात मूळ अक्षराच्या वाट्याला रोमनपेक्षा कमी उंची येते. इंग्रजीला 16 पिक्सेल पुरत असतील तर मराठीला 18 द्यावेत, आणि ओळींमधील अंतर टंकाच्या 1.6 पट ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. अशा ओळीत साधारण 25 ते 30 अक्षरे, म्हणजे सातएक शब्द मावतात. हे प्रमाण वाचनास सुखद आहे. परंतु मुखपृष्ठ डावीकडे व मजकूर उजवीकडे अशी दोन स्तंभांची मांडणी केली, तर मजकुरास 140 पिक्सेलच उरतात आणि ‘पुस्तकविक्रेत्यांकडून’सारखा शब्द एकटाच ओळ अडवतो. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्याने ही अडचण वरचेवर येणारच. तेव्हा एकच स्तंभ, चित्र वर आणि मजकूर खाली, हेच बरे. मजकूर डाव्या बाजूस जुळवावा; दोन्ही कडा सारख्या करण्याच्या हट्टाने शब्दांमध्ये भगदाडे पडतात.

बटणाविषयी अ‍ॅपलची शिफारस 44 आणि गूगलची 48 एककांची आहे. बोटाच्या टोकाला एवढी जागा हवीच. पुढील संहितेत 26 पिक्सेलची ओळ व वर-खाली 12-12 मिळून 50 पिक्सेल उंची होते, आणि मोकळी जागा दुव्याचाच भाग असल्याने मोबाइलवर कोठेही बोट टेकले तरी चालते.

```html
<a href="https://example.com/101" lang="mr"
 style="display:block; padding:12px 16px;
 font-size:18px; line-height:26px;
 letter-spacing:0; text-align:center">
पुस्तक मागवा</a>
```

येथे `letter-spacing:0` मुद्दाम घातले आहे. रोमन साच्यांत बटणावरील अक्षरे किंचित विरळ करण्याची पद्धत आहे. ती देवनागरीला लागू झाली की शिरोरेषा जागोजाग तुटते. बटणावरील शब्दही विचाराने निवडावे लागतात. ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि वाक्य दोन ओळींत मोडले की नेमके तेच दुसऱ्या ओळीत ढकलले जाते. ‘पुस्तक मागवा’ एका ओळीत बसते.

`lang="mr"` ही लहानशी नोंदही टाळू नये. तीवरून पत्र मराठीत आहे हे यंत्राला कळते. ज्या टंकांत तशी सोय असते ते हिंदी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ऐवजी मराठी वळण दाखवतात, आणि पडदा-वाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन ग्राहकास मराठी उच्चार ऐकू येऊ शकतो. विशेष टंक पत्रासोबत पाठवण्याचा खटाटोप मात्र व्यर्थ होय; जीमेल तो स्वीकारत नाही, आणि वाचकाच्या फोनमध्ये असलेल्या टंकातच मजकूर उमटतो. म्हणून साचा अँड्रॉइडवर एकदा आणि आयफोनवर एकदा, दोन्ही ठिकाणी चित्रे बंद ठेवून, वाचून पाहावा.