रात्रीचा गेम, डोळे आणि झोप: फोनची कोणती सेटिंग खरोखर कामाची?

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासाला रोज डोळे चोळत बसायचा. विचारलं तर म्हणाला, "सर, मी तर स्क्रीन पिवळी करूनच खेळतो. अम्मीनंच सेटिंग लावून दिली." स्क्रीन पिवळी झाली म्हणजे त्रास संपला, असा समज अनेक घरांत आहे. तो अर्धाच खरा आहे.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांना निळसर प्रकाश जास्त जाणवतो. त्या मेंदूला "अजून दिवस आहे" असं सांगतात आणि मग झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. म्हणून फोनमध्ये Night Light किंवा Eye Comfort नावाची सेटिंग आली. पण अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं 2021 मध्ये 18 ते 24 वयाच्या 167 तरुणांवर अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी झोपण्याआधी पिवळ्या स्क्रीनचा फोन वापरला, काहींनी साधा, काहींनी फोन वापरलाच नाही. एकूण पाहता पिवळ्या स्क्रीनमुळे झोप सुधारली नाही.

असं का होतं? एक तर रंगाइतकाच महत्त्वाचा असतो प्रकाशाचा जोर. स्क्रीन पिवळी, पण ब्राइटनेस पूर्ण, तर डोळ्यात भरपूर प्रकाश जातोच. दुसरं म्हणजे गेम. शत्रू कुठून येईल या धास्तीत मेंदू जागा राहतो, आणि त्याला कोणताही रंग शांत करत नाही.

आता डोळ्यांचं बघू. लहान घरात बाकीचे झोपलेले असतात, दिवा बंद, आणि पोरगं चादरीत फोन घेऊन पडलेलं. अंधारात बाहुली मोठी होते आणि चमकदार स्क्रीन खुपते. त्यात एकटक बघताना पापण्या नेहमीपेक्षा खूप कमी लवतात, डोळा कोरडा पडतो, जळजळ होते, पाणी येतं. फोन एका वितीवर धरला तर जवळचं बघणारे स्नायूही थकतात. ही जळजळ निळ्या रंगामुळे होत नाही. म्हणूनच निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांनी हा थकवा कमी होत असल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही.

मग करायचं काय? आधी ब्राइटनेस. स्क्रीनवर एक पांढरं पान उघडा आणि शेजारी वहीचा कोरा कागद धरा. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी झगमगत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे, कागदापेक्षा काळपट दिसत असेल तर कमी. दोन्ही सारखे दिसतील तिथं थांबा. अगदी कमी करूनही स्क्रीन टोचत असेल तर अनेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये Extra dim मिळतं. मात्र काही फोनमध्ये गेम मोड सुरू झाला की आपोआप ब्राइटनेस बदलणं बंद होतं. म्हणून गेम उघडल्यावर पुन्हा एकदा बघा.

स्क्रीन मंद करताना खोली पूर्ण अंधारी ठेवू नका. पाठीमागे छोटा पिवळा दिवा पुरे. फोन साधारण 40 सेंटीमीटरवर धरा. 20 वरून 40 वर नेला की डोळ्यात जाणारा प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो. पिवळी सेटिंग संध्याकाळपासून लावून ठेवायला हरकत नाही, डोळ्याला ती मऊ वाटते. फक्त तिच्या भरवशावर राहू नका.

त्या मुलाचा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. बॅटल रॉयलची एक मॅच साधारण अर्ध्या तासाची आणि मध्ये थांबवता येत नाही. शेवटची मॅच 12:20 ला सुरू, 12:50 ला संपली, डोळा लागायला दीड. सहाला उठायचं, म्हणजे झोप साडेचार तास. या वयाला 8 ते 10 तास लागतात. "बारा वाजता फोन ठेव" हे त्याच्याकडून पाळलं जात नव्हतं, कारण बारा वाजता मॅच अर्ध्यात असायची. म्हणून वेळ ठरवली ती शेवटची मॅच सुरू करण्याची: 8:30. नऊला फोन चार्जिंगला, तोही अम्मीच्या खोलीत, आणि दहाला झोप. ब्राइटनेसपेक्षा या एका बदलाचा फायदा त्याला जास्त झाला.

मॅच संपली की एक-दोन मिनिटं खिडकीबाहेर लांब बघायचं आणि मुद्दाम पापण्या लववायच्या, हीसुद्धा सवय लावा.

एवढं करूनही मूल फळा बघताना डोळे बारीक करत असेल, डोकं दुखतं म्हणत असेल किंवा टीव्हीजवळ सरकत असेल, तर तो नंबर असू शकतो. नंबर कोणत्याही सेटिंगनं जात नाही. घाटीच्या नेत्र विभागात किंवा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासून घ्या. आणि रोज थोडा वेळ मुलांना उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू द्या. त्यानं नंबर लागण्याचा धोका कमी होतो.