प्रकरणाचा सारांश : तीन वाचनांत

परीक्षा जवळ आली की मावळातील आपली मुले पुस्तकातील ओळीच्या ओळी अधोरेखित करीत बसतात. पान रंगते, पण प्रकरण काय सांगते ते विचारले तर उत्तर येत नाही. यावर तीन वाचनांची एक रीत आहे. लोणावळ्याच्या वाचकांना परिचित असलेल्या विषयावर, बोरघाटातील लोहमार्गाविषयीच्या सहा पानी प्रकरणावर, आपण ती चालवून पाहू.

पहिल्या वाचनात केवळ मथळे लिहावेत. एकच विषय चालू असेल तोवरचे परिच्छेद एका मथळ्याखाली घ्यावेत. आपल्या वहीत पाच मथळे उतरतात : घाटाचा चढ, मार्गाची आखणी, कंत्राट, मजूर, पुढील बदल. या वेळी पेन्सिलीने काहीही अधोरेखित करू नये. सगळे प्रकरण पाहिल्याशिवाय महत्त्वाचे कोणते ते ठरत नाही.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक मथळ्याखाली एक पूर्ण वाक्य लिहावे. ज्या वाक्यावाचून तो भाग कोसळेल, ते निवडावे. ‘आखणी’खाली बोगद्यांची संख्या लिहिण्याचा मोह होतो, परंतु ती केवळ तपशील आहे. मुख्य वाक्य असे : चढ तीव्र असल्याने गाडीची दिशा उलटवणारे स्थानक मध्ये ठेवावे लागले. ‘कंत्राट’खाली : सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये निवर्तल्यावर त्यांची पत्नी ॲलिस यांनी काम पुढे नेले. ‘मजूर’खाली : पटकी व अन्य रोगांनी हजारो मजुरांचा बळी घेतला. ‘पुढील बदल’खाली : १९२९ मध्ये नवी आखणी झाली आणि गाडी उलटवण्याची गरज संपली.

तिसऱ्या वेळी पुस्तक मिटावे आणि या पाच वाक्यांवरून एकच ओळ लिहावी. ‘या प्रकरणात बोरघाटाच्या रेल्वेचा इतिहास आहे’ ही ओळ सारांश नव्हे, तो पुन्हा मथळाच झाला. असे झाले की चूक बहुधा दुसऱ्या वाचनात सापडते : तेथे विधानांऐवजी आकडे निवडलेले असतात. योग्य ओळ अशी होईल : तीव्र चढामुळे गाडी उलटवून नेणारी वाट आखावी लागली, आणि ती १८६३ मध्ये खुली झाली ती हजारो मजुरांच्या प्राणांचे मोल देऊन.

या ओळीत ॲलिस ट्रेडवेल नाहीत. त्यांचे कार्य लहान होते म्हणून नव्हे, तर त्यांना वगळूनही प्रकरणाचा कणा उभा राहतो म्हणून. मजुरांना मात्र वगळता येत नाही, असे आमचे मत. दुसरा वाचक कदाचित वेगळे ठरवील. म्हणूनच दुसऱ्या वाचनाचे पान फाडून टाकू नये. उत्तरपत्रिका लिहिताना तेच कामी येते, एकटी ओळ नव्हे.

कविता व गणित यांना ही रीत लागू पडत नाही. कवितेचे सार काढले की कविताच हरवते, आणि गणितात एक पायरी गाळली तरी पुढचे उत्तर उभे राहत नाही.