नोकरीचं पत्र आणि सत्तर टक्के

तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेणाऱ्यांत नोकरदार बरेच असतात. बँकेत क्लार्क, कोर्टात लिपिक, कॉल सेंटरला रात्रपाळी करणारे, सीएची आर्टिकलशिप करणारे, चाळिशीला आलेले सरकारी कर्मचारी. पहिल्या सेमिस्टरच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नावं लागली की यांतले बरेचजण एकच कागद घेऊन ऑफिसच्या खिडकीशी येतात: कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र, 'हे आमच्याकडे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कामाला आहेत.' आता हजेरीचं काहीतरी होईल, अशी त्यांची समजूत असते. या कागदाभोवती इतके गैरसमज साचलेत की तो कधी उपयोगी पडतो आणि कधी अंगाशी येतो, हे नीट पाहायला हवं. उदाहरण विधी महाविद्यालयांचंच घेतो, कारण तिथे नोकरदार बरेच असतात.

'नोकरीचा पुरावा दिला की हजेरी माफ होते.'

होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला बारावा नियम प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी मागतो. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य परीक्षेला बसू देऊ शकतात, पण त्यालाही दोन अटी आहेत. त्या विषयात किमान ६५ टक्के हजेरी हवी आणि सगळे विषय मिळून ७० टक्के भरायला हवेत.

याचा हिशोब मांडून बघा. समजा सेमिस्टरला चार विषय आहेत आणि प्रत्येकाची ६० लेक्चर्स झाली. एका विषयाला ७० टक्के म्हणजे ४२ लेक्चर्स आणि ६५ टक्के म्हणजे ३९. एकूण २४० पैकी १६८ भरायला हवीत. एखादीची हजेरी कराराच्या कायद्यात ३९, बाकी तिन्हींत ४४, ४३ आणि ४२ असेल, तर बेरीज बरोबर १६८ होते. तिच्या बाबतीत प्राचार्यांना विचार करता येतो. तिच्या शेजारी बसणाऱ्याची हजेरी ३८, ४६, ४५ आणि ४४ आहे. बेरीज १७३, म्हणजे तिच्यापेक्षा जास्तच. पण एका विषयात ३९ च्या खाली गेल्यामुळे त्याच्यासाठी प्राचार्यांचे हात बांधलेले आहेत, मग पत्र कुठल्याही कंपनीचं असो. ज्या सवलतीसाठी एवढी धावपळ चालते, ती एका विषयात तीन लेक्चर्सची आहे.

शिवाय ही सवलत खिडकीतल्या खिडकीत संपत नाही. कारण लेखी नोंदवावं लागतं आणि अशा विद्यार्थ्यांची यादी बार कौन्सिलकडे पाठवायची असते. आजारपण, अपघात, बाळंतपण ही कारणं प्राचार्य निःशंकपणे लिहितात. 'विद्यार्थी नोकरी करतो' हे लिहिताना त्यांचा पेन अडखळतो. नोकरी काही अचानक उद्भवलेली नसते. ती प्रवेशाच्या दिवशीही होती आणि पुढच्या सेमिस्टरलाही असणार आहे. मग तिला अपवाद म्हणायचं कसं?

इतर शाखांत आकडे निराळे आहेत. मुंबई विद्यापीठात सरासरी ७५ टक्क्यांचा नियम आहे. पण तिथेही सवलत मिळते ती आजारपणासारख्या कारणाला. रोजच्या ड्युटीला नव्हे.

'पत्रात ड्युटीचे तास जितके जास्त, तितकी केस भक्कम.'

नेमकं उलटं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. कॉलेज सकाळी आठ ते सव्वाबारा आणि पत्रात ड्युटी दहा ते सहा. हे पत्र तुम्ही स्वतःच्या सहीच्या अर्जाला जोडून देता, म्हणजे दहा ते सव्वाबाराच्या तासांना आपण बसू शकत नव्हतो, असा लेखी पुरावाच कॉलेजच्या फायलीत लावता. हजेरीपटावर त्याच तासांना तुमची 'पी' लागलेली असेल, तर पुढचा प्रश्न ती कुणी लावली हा असतो.

सप्टेंबर २०२४ पासून हा प्रश्न जास्तच टोकदार झाला आहे. बार कौन्सिलने त्या महिन्यात काढलेल्या परिपत्रकानुसार, शिकताना नोकरी केली असेल तर ती विद्यार्थ्याने जाहीर करायची, नोकरी देणाऱ्याची एनओसी जोडायची आणि हजेरी नियमाप्रमाणे भरल्याचा पुरावा द्यायचा. अंतिम गुणपत्रिका आणि पदवी देण्यापूर्वी ही घोषणा घ्यायची आहे. बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्हीचा आग्रहही त्याच परिपत्रकात आहे. थोडक्यात, नोकरी लपवायची नाही, पण नोकरी आणि वर्ग एकमेकांवर आदळत नाहीत हे दिसायला हवं.

म्हणून चांगलं पत्र तुम्ही कधी कामावर असता यापेक्षा कधी मोकळे असता हे सांगतं. एचआरकडून पत्र घेताना मजकूर साधारण असा असू द्या: 'श्रीमती अमुक या आमच्या ठाणे कार्यालयात अमुक तारखेपासून अमुक पदावर कार्यरत आहेत. त्यांच्या कामाची वेळ दुपारी २ ते रात्री १० असून साप्ताहिक सुटी रविवारी असते. दुपारी २ पूर्वी त्यांना कार्यालयात उपस्थित राहावे लागत नाही. त्यांनी सकाळच्या सत्रात विधी अभ्यासक्रम करण्यास आमची हरकत नाही.' शेवटची दोन वाक्यं बहुतेक पत्रांत नसतात. सगळं काम तीच करतात, आणि एनओसीही त्यातच येते. अर्थात हे खरं असेल तरच लिहून घ्यायचं.

सरकारी कर्मचाऱ्याला कार्यालयाची लेखी परवानगी लागतेच, आणि कार्यालयीन वेळेत अभ्यासक्रमाला जाता येणार नाही ही अट तिच्यात बहुधा असते. आर्टिकलशिप करणाऱ्यांचंही तसंच. सीए इन्स्टिट्यूटच्या फॉर्म ११२ मध्ये कॉलेजच्या वेळा दाखवाव्या लागतात आणि त्या ऑफिसच्या तासांवर येता कामा नयेत. दोन्हीकडे दिलेल्या कागदांवरच्या वेळा एकमेकांशी जुळताहेत का, हे आधी स्वतः ताडून बघा.

'प्राचार्यांनी मनावर घेतलं तर बॅच लगेच बदलून मिळते.'

बॅच बदलणं हा हजेरीची सवलत मागण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा मार्ग आहे. पण त्यालाही भिंती आहेत. विधी महाविद्यालयात एका तुकडीत ६० हून जास्त विद्यार्थी घेता येत नाहीत, त्यामुळे सकाळची तुकडी भरलेली असेल तर एकसष्टावी खुर्ची कुणी लावू शकत नाही. दुसरी भिंत घड्याळाची. अनिवासी महाविद्यालयाने वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेत घ्यायचे आहेत. सहाला ऑफिस सुटल्यावर साडेसहा ते साडेनऊ चालणाऱ्या 'नाइट लॉ कॉलेज'च्या आठवणी जुने वकील सांगतात, पण त्या भरवशावर आज प्रवेश घेऊ नये. दहा ते सहा अशी पक्की नोकरी असलेल्याला कुठलीच बॅच पुरी पडत नाही. त्याने बॅच बदलून मागण्याऐवजी कंपनीत शिफ्ट बदलून मागावी. तिसरी भिंत फीची. एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असेल, तर बदल म्हणजे नुसतं वेळापत्रक बदलणं राहत नाही.

तुकडी भरलेली असताना एक वाट उरते ती अदलाबदलीची. सकाळच्या बॅचमधल्या कुणाला सकाळ नको असते, दुपारच्या बॅचमधल्या कुणाला ती हवी असते. दोघांनी मिळून एकत्र अर्ज केला तर ६० चा आकडा हलत नाही आणि ऑफिसलाही नाही म्हणायला कारण उरत नाही. हा अर्ज सत्र सुरू होताना करायचा. डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर केला तर बॅच मिळेलही, पण गेलेली लेक्चर्स परत येत नाहीत. नव्या तुकडीत तुम्ही जुनी टक्केवारी घेऊनच जाता.

आणि तोंडी परवानगीवर दुसऱ्या तुकडीत बसू नका. 'सर म्हणाले बस' एवढ्यावर दोन महिने सकाळच्या वर्गात बसलेली मुलं दरवर्षी सापडतात. त्यांचा रोल नंबर दुपारच्या मस्टरवर असतो. तिथे ती गैरहजर, आणि सकाळच्या मस्टरवर त्यांचं नावच नाही. लेखी आदेश आणि नवा रोल नंबर हातात येईपर्यंत बदल झाला असं धरू नका.

'लेटरहेड आणि शिक्का असला की पुरावा झाला.'

ऑफिसातले अनुभवी लिपिक शिक्क्याकडे शेवटी बघतात. आधी तारीख, मग सही करणाऱ्याचं नाव आणि पद, मग फोन नंबर. कंपनीचा ईमेल पत्ता जीमेलवरचा आणि फोन उमेदवाराच्या घरातलाच निघाला की पत्र बाजूला जातं. पत्रासोबत अलीकडच्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, कंपनीचं ओळखपत्र आणि शिफ्ट फिरती असेल तर महिन्याचा रोस्टर जोडला तर शंका राहत नाही. स्लिपेवरचं पद आणि पत्रातलं पद एकच आहे ना, हे बघा. अडकतं ते तिथेच. बँक स्टेटमेंट द्यायचं झालं तर पगार जमा झाल्याच्या नोंदी पुरतात, घरखर्च दाखवायची गरज नाही. ऑफर लेटर मात्र चालत नाही. ते नोकरी मिळाल्याचं सांगतं, आज ती चालू आहे हे नव्हे. 'मी नोकरी करतो' असं स्वतःचंच नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्रही एकट्याने उभं राहत नाही.

स्वतःचं दुकान किंवा व्यवसाय असेल तर गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी दाखवता येते, पण त्यातून वेळेचं बंधन सिद्ध होत नाही. दुकान कधी उघडायचं हे मालकच ठरवतो, हे कॉलेजलाही कळतं. डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांची अडचणही हीच. त्यांनी सवलतीच्या मागे न लागता आपले स्लॉट वर्गाभोवती लावणं बरं.

काकांच्या दुकानाचं खोटं पत्र किंवा ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट हा शॉर्टकट विधीच्या विद्यार्थ्याने तरी घेऊ नये. पुढे सनद घेताना ज्या माणसाच्या सचोटीची चौकशी होणार, त्याच्याच कॉलेजच्या फायलीत तो कागद पडून असतो.

'हायकोर्टाने हजेरीची अट काढून टाकली.'

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हजेरी कमी म्हणून विधीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये असं म्हटलं आणि बार कौन्सिलला नियमांचा फेरविचार करायला सांगितलं. हजेरी मोजणं बंद करा, असं त्यात नाही. कमी हजेरीपोटी जादा वर्ग, जादा काम किंवा गुणांत थोडी कपात हे मार्ग खुलेच ठेवले आहेत. असे निकाल वरच्या कोर्टात बदलूही शकतात. नोकरी जाहीर करण्याचा विषय तर पूर्ण वेगळाच आहे.

नोकरीचं पत्र जोडून अर्ज करायचा तर प्रवेशानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन प्रतींत. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा. शिफ्ट किंवा नोकरी बदलली तर नवं पत्र त्याच महिन्यात द्या, कारण शेवटच्या सेमिस्टरला घोषणापत्र भरताना तीन वर्षांच्या सगळ्या तारखा एकमेकींशी जुळाव्या लागतात.