सेटपॉइंट बदलताच व्हॉल्व्हला धक्का का बसतो?

डेअरीतल्या पाश्चरायझरला गरम पाणी लागते. पाण्याचे तापमान पीआयडी कंट्रोलर सांभाळतो आणि वाफेचा व्हॉल्व्ह कमीजास्त उघडतो. समजा तापमान ७५ अंशांवर स्थिर आहे, व्हॉल्व्ह ४० टक्के उघडा आहे. ऑपरेटर सेटपॉइंट ८० करतो. त्याच क्षणी व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, अर्ध्या सेकंदात मागे येतो. पाणी अजून तापलेलेही नसते.

हा डेरिव्हेटिव्हचा प्रताप. डेरिव्हेटिव्ह चुकीचा, म्हणजे सेटपॉइंट आणि तापमान यांतल्या फरकाचा, वेग मोजतो. पाणी हळूहळू तापते, पण सेटपॉइंट एका झटक्यात उडी मारतो. गेन २, डेरिव्हेटिव्ह वेळ १० सेकंद आणि सॅम्पल अर्ध्या सेकंदाचा धरला, तर पाच अंशांच्या उडीवर डेरिव्हेटिव्ह मागतो २ × १० × ५ ÷ ०.५, म्हणजे २०० टक्के! प्रपोर्शनल फक्त १० मागतो. सॅम्पल वेगवान केला, तर आकडा आणखी फुगतो.

पहिला उपाय फिल्टर. त्याचा काळ सहसा डेरिव्हेटिव्ह वेळेच्या दहाव्या भागाइतका, इथे एक सेकंद, ठेवतात. मग पहिल्या सॅम्पलला धक्का ६७ टक्क्यांवर येतो, पुढे ४४, ३०, २० असा उतरतो. पण बेरीज करून पाहा: उंची घटली, धक्क्याचे एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहिले. ४० आणि १० मिळवले, तर व्हॉल्व्ह पहिल्यांदा १०० टक्क्यांवर अडतोच, पुढच्या सॅम्पललाही ९४ वर असतो. फिल्टर आणखी जड केला, तर डेरिव्हेटिव्ह उशिरा जागा होतो आणि त्याचा उपयोगच जातो. फिल्टरचे खरे काम सेन्सरचा गोंगाट दाबण्याचे आहे, आणि त्यासाठी तो हवाच.

धक्क्याचे मूळ काढते ते सेटपॉइंट वेटिंग. डेरिव्हेटिव्हमध्ये सेटपॉइंटचे वजन शून्य ठेवायचे. तो फक्त मोजलेल्या तापमानाचा वेग पाहतो:

```
d = a*d - (Kp*Td/(Tf+Ts))*(y - y_old)
a = Tf/(Tf+Ts)
```

आता सेटपॉइंट बदलताना फक्त प्रपोर्शनलचे १० टक्के उरतात. तिथेही वजन ०.५ केले, तर पाचच. इंटिग्रलला मात्र पूर्ण फरक द्यायलाच हवा, नाहीतर तापमान ८० वर कधीच टेकणार नाही.

थंड दूध अचानक वाढले, तर लूपचा प्रतिसाद पूर्वीइतकाच तत्पर राहतो, कारण सेटपॉइंट तेव्हा हललेलाच नसतो. सेटपॉइंटकडे जाण्याचा वेग थोडा मंदावतो, एवढीच किंमत. रोबोच्या हातासारख्या, सतत हलणाऱ्या लक्ष्याचा पाठलाग करणाऱ्या लूपमध्ये ही किंमत जड पडते, तिथे वजन शून्य करू नये.

आपल्या लूपमध्ये हा दोष आहे का, हे ट्रेंडवर दिसते: आउटपुटचा सुळका नेमका सेटपॉइंट बदलला त्याच सॅम्पलला येतो आणि सेटपॉइंट खाली आणला की खाली येतो. तसे दिसले, तर गेनला हात लावू नका. आधी कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये डेरिव्हेटिव्ह मोजलेल्या मूल्यावर घ्या.