वर्षाच्या लेकराची वाटी

मायबहिणींनो, लेकराला वर्ष झालं, चार दात आले, तरी त्याची वाटी पातळच, असं आपल्या जालन्याकडं पुष्कळ घरी दिसतं. वरणाच्या पाण्यानं पोट भरतं, पण अंगी लागत नाही. डाळ तर पातेल्याच्या तळाशीच राहते!

त्याच्यासाठी वेगळी चूल नको. तुरीची डाळ शिजवून घोटली, की मीठ-तिखट घालण्याआधी त्याची वाटी काढून ठेवा. मग खुशाल आपली फोडणी द्या. वाटीत ज्वारीची ताजी भाकरी कुस्करा, वर अर्धा चमचा तूप सोडा. पहिले चार दिवस अगदी मऊ कालवा, पुढं वाटाण्याएवढे मऊ तुकडे राहू द्या. दाढा नसल्या तरी लेकरू ते हिरड्यांनी चावतं. ओकारी येऊन घास बाहेर पडला, तर लगेच पातळावर परतू नका. उद्या तोच घास पुन्हा द्या. शेंगदाणे-फुटाणे मात्र अख्खे नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून वरणात घाला.

आळणी लागतं ते आपल्या जिभेला. या वयात दिवसाचं सगळं मीठ दोन ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. पापडात, लोणच्यात, खाऱ्या बिस्किटात ते सहज संपतं. म्हणून वाटीत चिमटीभरच टाका. हळद, जिरे चालतात. ठेचा थांबू द्या. अंगावरचं दूध चालू ठेवा, पण जेवणानंतर.