खोट्या टपालाची ओळख

एके दिवशी घरातील मोबाइलवर असा संदेश येतो : "आपले पार्सल गोदामात आले आहे. पत्ता अपुरा असल्यामुळे दोन वेळा प्रयत्न करूनही ते पोहोचविता आले नाही. 48 तासांत खालील लिंकवर पत्ता दुरुस्त करा. अन्यथा पार्सल परत जाईल." खाली भारतीय टपाल खात्याचे नाव असते. अशा आशयाचे संदेश आपल्या देशात असंख्य लोकांना आले, आणि 2024 साली भारत सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ते खोटे असल्याचे जाहीर केले. पत्ता दुरुस्त करून मागणारे असे संदेश टपाल खाते पाठवीत नाही, असेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले.

वास्तविक हा संदेश नीट वाचला तरी शंका यावी. पत्ताच अपुरा होता, तर दोन वेळा प्रयत्न झाला तो कोणाच्या दाराशी? पार्सल कोणी पाठविले, त्याचा क्रमांक काय, याचा संदेशात उल्लेखही नसतो. असाच मजकूर हजारो लोकांना धाडलेला असतो. त्यांपैकी काही जण त्या सुमारास खरोखरच एखाद्या पार्सलाची वाट पाहत असतात, आणि नेमके तेच फसतात.

परंतु खरी परीक्षा लिंकची. लिंक हा एक पत्ताच होय. पाकिटावर पत्ता लिहिताना आपण आधी नाव, मग गल्ली, मग गाव व शेवटी जिल्हा लिहितो. 'कोल्हापूर गल्ली, सोलापूर' असे लिहिलेले पत्र कोल्हापूरला जात नाही. ते सोलापूरलाच जाते. लिंकमध्येही मुक्काम शेवटच्या शब्दांवरून ठरतो. म्हणून ती उजवीकडून डावीकडे वाचावी.

समजा, लिंक अशी आहे :

```
https://indiapost.gov.in.pata-sudhar.top/IN
```

प्रथम `https://` नंतरची पहिली तिरपी रेघ शोधावी. तिच्या पुढचा मजकूर सोडून द्यावा. आता रेघेच्या अलीकडून मागे येऊ लागावे. शेवटी आहे `top`, त्याच्या आधी `pata-sudhar`. जागेचा मालक येथे कळला : ही जागा `pata-sudhar.top` या नावाने कोणीतरी घेतलेली आहे. `top` या अक्षरांनी संपणारे नाव थोड्या पैशांत कोणालाही विकत मिळते. त्यापुढे `indiapost.gov.in` असे लिहिले आहे खरे, पण ते कोल्हापूर गल्लीसारखे! स्वतःच्या दारावर कोणती पाटी लावावी, हे मालकाच्या मर्जीवर असते.

टपाल खात्याचे खरे संकेतस्थळ `www.indiapost.gov.in` हे आहे. तेथे `gov.in` अगदी शेवटी येते, आणि हा शेवट केवळ सरकारी संस्थांनाच दिला जातो. मात्र `indiapost-gov.in` यात टिंबाच्या जागी आडवी रेघ आहे. तेवढ्याने मुक्काम बदलतो. आणखी एक गोष्ट. लिंकशेजारचे कुलपाचे चिन्ह पाहून पुष्कळांना विश्वास वाटतो. कुलूप एवढेच सांगते की वाटेत मजकूर कोणी वाचणार नाही. घर चोराचे की सावाचे, हे ते सांगत नाही.

काही लिंका मुद्दाम आखूड केलेल्या असतात, व त्यांत मुक्काम दिसतच नाही. खऱ्या कुरिअर कंपन्याही अशा लिंका वापरतात, म्हणून तेथे वाचनाची ही युक्ती चालत नाही. अशा वेळी लिंकला हात न लावता पाठविणाऱ्याकडून पावतीवरील क्रमांक घ्यावा आणि कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडून तेथे तो घालावा. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा स्थानांचा असतो : दोन इंग्रजी अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी `IN`. तशा घडणीचा क्रमांक ठगालाही रचता येतो. म्हणून तो दिसायला बरोबर असणे पुरेसे नाही, खात्याच्या संकेतस्थळावर त्याची नोंद सापडली पाहिजे.

खोट्या लिंकवर गेल्यास पुढे काय होते? आधी नाव व पत्ता विचारतात. मग पुन्हा पोहोचविण्याचा खर्च म्हणून पंचवीस-तीस रुपये मागतात. रक्कम क्षुल्लक असल्यामुळे माणूस बँकेच्या कार्डाचा क्रमांक भरतो. ठगाला ते पंचवीस रुपये नकोच असतात. त्याला कार्ड हवे असते. त्याच क्षणी तो त्या कार्डावर मोठ्या रकमेची खरेदी सुरू करतो, आणि बँकेचा ओटीपी घरच्या मोबाइलवर येतो. त्या संदेशात बहुधा खरी रक्कम लिहिलेली असते. पण घाईत अंक तेवढा उतरवून घेतला जातो व खालचा मजकूर वाचायचा राहतो.

कार्डाचा क्रमांक दिला गेलाच असेल, तर प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि लगेच 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे ठगाच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते तेथेच अडविता येतात.