आधी पात्रता, मग कागद, शेवटी तहसील

गावोगावच्या ट्रस्टनी वाटलेली सरकारी योजनांची पत्रकं बहुतेक एकाच साच्यातली असतात. वर अध्यक्षांचं मनोगत, मग योजनेचा इतिहास आणि उद्देश, त्याखाली एका दमात लिहिलेला पात्रतेचा परिच्छेद आणि तळाशी ‘आवश्यक कागदपत्रे’. माहिती खोटी नसते. पण वाचणाऱ्या बाईला दोनच गोष्टी हव्या असतात: हे मला मिळेल का, आणि मी आधी कुठे जाऊ?

महाराष्ट्रातली संजय गांधी निराधार अनुदान योजना हे त्याचं चांगलं उदाहरण. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुलं, दुर्धर आजाराचे रुग्ण असे अनेक जण या एकाच योजनेत येतात. प्रत्येकाचा पुरावा वेगळा असल्यामुळे सगळं एका पानावर कोंबलं की दिव्यांगांचा दाखला विधवेला आपल्यालाही लागेल असं वाटतं आणि ती तिथेच थांबते. म्हणून पहिला बदल असा, की एका पत्रकाचा वाचक एकच ठेवायचा. इथे आपण विधवांसाठीचं पत्रक करू.

मूळ पत्रकात वाक्य असतं: ‘१८ ते ६५ वयोगटातील, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेल्या व कौटुंबिक वार्षिक उत्पन्न रु. २१,०००/- पर्यंत असणाऱ्या अथवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव समाविष्ट असलेल्या महिला पात्र राहतील.’ यात तीन अटी आहेत आणि तिसरी दोन वाटांनी पूर्ण होते. ‘व’ आणि ‘अथवा’ एकाच ओळीत आल्याने चारही गोष्टी लागतात असा समज होतो. यादीत नाव असलेली बाई मग २१,००० चा आकडा पाहूनच माघारी फिरते. हेच प्रश्नांच्या रूपात मांडू:

पती वारलेल्या महिलांसाठी. दरमहा १,५०० रुपये तुमच्या बँक खात्यात.
१. तुमचं वय १८ ते ६५ च्या दरम्यान आहे का?
२. तुम्ही महाराष्ट्रात १५ वर्षं तरी राहत आहात का?
३. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे का? नसेल, तर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत तुमचं नाव आहे का? दोन्हींपैकी एक पुरे.
तिन्ही प्रश्नांना ‘हो’ असेल तर पुढे वाचा.

वय ६५ च्या पुढे असेल, तर तिथेच श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचं नाव द्यावं. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही पुढची वाट दिसली पाहिजे.

आता कागद. जुन्या यादीत ते कसेही लिहिलेले असतात. नव्या यादीत वेळखाऊ कागद आधी आणि मुदत संपणारा कागद शेवटी घ्यायचा. पतीच्या मृत्यूचा दाखला सगळ्यात वर. मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद असते, गावी नव्हे. पती शहरातल्या रुग्णालयात वारले असतील, तर आपल्या ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. त्यानंतर आधार आणि बँक खातं. आधार, पासबुक आणि दाखला यांवर तिचं आणि पतीचं नाव सारखं आहे का, आधार खात्याला जोडलेलं आहे का, हे अर्जाआधीच तपासायला सांगावं. एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं नाव असलं की काम अडतं. मग वयाचा आणि रहिवासाचा पुरावा. उत्पन्नाचा दाखला सगळ्यात शेवटी, कारण त्याला मुदत असते. तो आधी काढला, तर बाकीचे कागद जमेपर्यंत पुन्हा काढायची वेळ येऊ शकते.

यानंतरच तहसील कार्यालय आणि तिथली संजय गांधी योजनेची शाखा. तिथल्या ओळी छोट्या असाव्यात: ‘अर्ज द्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. पोच जपून ठेवा.’ पोच नसली, तर चौकशीला गेल्यावर अर्ज दिल्याचंच सिद्ध करता येत नाही. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ही ओळ पत्रकातून बहुतेक वेळा गळते आणि मग सुरू असलेलं अनुदान बंद पडतं.

पत्रकाच्या कोपऱ्यात छापल्याचा महिना आणि वर्ष हवंच. २०२३ मध्ये अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झालं. तारीख नसलेलं जुनं पत्रक कुणाच्या हाती पडलं, तर तिला ते जुनं आहे हे कळणारच नाही. अध्यक्षांचं मनोगत, ट्रस्टचा इतिहास हे मागच्या पानावर जाऊ दे.

छापण्याआधी पत्रक ज्यांच्यासाठी आहे अशा चार-पाच जणींना वाचायला किंवा वाचून दाखवायला द्यावं. ‘समजलं का?’ असं विचारू नये, संकोचाने सगळ्या ‘हो’ म्हणतात. विचारावं, ‘मावशी, उद्या सकाळी आधी कुठे जाल?’ ‘तहसिलात’ असं उत्तर आलं, तर क्रम अजून पोचलेला नाही. ‘हे वारले त्या दवाखान्याच्या गावी, दाखला आणायला’ असं ती म्हणाली, की पत्रक छापायला द्यावं.